बादगीरखाली हात धरला तर हवा गरमच लागते, मग घर गार कसं?

प्रश्न: इराणमध्ये यझदला जाऊन आलो. बाहेर ४१ अंश होतं आणि जुन्या घरातल्या बादगीरच्या खोलीत खरोखर गार वाटत होतं. गाइड म्हणाला, ही सगळी वाऱ्याच्या मनोऱ्याची करामत. पण मी मनोऱ्याच्या तोंडाखाली हात धरून पाहिला, तर वरून येणारी हवा चांगलीच गरम लागली. मग घर गार कशाने राहतं, मनोऱ्याने की जाड भिंतींनी? आणि आमचं सोलापूरजवळ माळावर घर बांधायचं चाललंय, तिथे असा मनोरा उपयोगी पडेल का?

उत्तर:

तुमच्या हाताने खरं तेच सांगितलं. दुपारी दोन वाजता मनोऱ्यात शिरलेली ४१ अंशांची हवा तळाला पोचेपर्यंत फारशी थंड होत नाही. मातीच्या विटांचा मनोरा रात्री गार झालेला असेल तर सकाळी थोडा वेळ हवा त्याला घासून दोन-चार अंश उतरते. दुपारपर्यंत तो साठा संपतो. आपल्या कातडीचं तापमान ३४-३५ च्या आसपास असतं, त्यामुळे त्याहून गरम वारा अंगावर आला की झळच लागणार.

मी मातीची आणि दगडाची घरं दुरुस्त करतो, बहुतेक काम राजस्थान आणि कच्छमध्ये. यझदला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझाही तुमच्यासारखाच गोंधळ झाला होता. तो सुटला तो एका रात्री. उकाड्याने झोप येईना म्हणून मी उठून त्या उन्हाळी खोलीत जाऊन बसलो. दिवसा मंद वाटलेला मनोरा त्या वेळी जोरात चालू होता. अंगणातली गार हवा दारातून आत येत होती, भिंतींवरून फिरत होती आणि मनोऱ्यातून वर जात होती. खोलीत कोणीच नव्हतं, घरची माणसं गच्चीवर झोपलेली. मनोरा माणसांसाठी नाही, भिंतींसाठी काम करत होता.

आता हे नीट उलगडतो, आधी भिंतीपासून.

जाड भिंत घर थंड करते असं आपण सर्रास म्हणतो, पण भिंत थंड काहीच करत नाही. ती फक्त सरासरी काढते. यझद समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर आहे, हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे जुलैत दुपारी ४० च्या आसपास गेलेला पारा पहाटे २५ च्या आसपास उतरतो. सरासरी झाली साडेबत्तीस. आता दारं-खिडक्या कायमच्या बंद करून नुसतं जाड भिंतींचं घर ठेवलं, तर आतली हवा दिवसरात्र त्या साडेबत्तीसच्या जवळ रेंगाळेल. त्यात छतावरचं ऊन, चूल आणि माणसांच्या अंगाची उष्णता मिळवा, म्हणजे सरासरीच्याही एक-दोन अंश वर. बाहेर ४१ असताना आत ३३-३४ हे सुसह्य म्हणता येईल, गार नाही. मग तुम्हाला जे गार वाटलं ते आलं कुठून, हा पुढचा प्रश्न. त्याआधी जाडीचं गणित बघू, कारण त्यातही एक गैरसमज आहे.

कच्च्या विटेला तिकडे खिश्त म्हणतात. माती, पाणी, कधी थोडा भुसा, साच्यात घालून उन्हात वाळवलेली. अशा मातीतून दिवसाची उष्णतेची लाट फार हळू सरकते, दर अडीच सेंटीमीटरला सुमारे पाऊण ते एक तास. म्हणजे ३० सेंटीमीटरची भिंत बाहेरून दुपारी तीनला सर्वांत जास्त तापली, तर ती लाट आत पोचायला रात्रीचा एक वाजतो. त्या वेळी घरची मंडळी गच्चीवर असतात. शिवाय सरकता सरकता लाट विरतही जाते. दर ११ सेंटीमीटरला तिचा जोर साधारण एक तृतीयांश उरतो. ३३ सेंटीमीटर पार करेपर्यंत विसावा हिस्सा. बाहेरचा पृष्ठभाग सरासरीच्या २० अंश वर-खाली होत असेल, तर आतला जेमतेम एक अंश हलतो.

याचा अर्थ असा, की दिवस-रात्रीच्या चढउतारासाठी चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर माती भरपूर झाली. मग यझदच्या भिंती काही ठिकाणी मीटरभर जाड का? त्याचं मुख्य कारण उष्णता नसून छत आहे. त्या प्रदेशात तुळईला लाकूड नाही, म्हणून छतं कमानीची आणि घुमटाची, तीही कच्च्या विटेची. कमान भिंतीला बाहेरच्या बाजूला रेटते आणि तो रेटा पेलायला भिंतीचं वजन लागतं. पाहुण्यांना 'उष्णतेसाठी मीटरभर जाड भिंती' असं सांगितलं जातं तेव्हा मी गप्प बसतो, पण ते अर्धंच खरं आहे. त्यातून ही घरं एकमेकांना चिकटून उभी असतात. गल्लीकडे जवळजवळ खिडकी नाही, सगळं तोंड मधल्या अंगणाकडे. म्हणजे बऱ्याच भिंतींना बाहेरची बाजूच नसते, पलीकडे शेजाऱ्याची खोली असते.

म्हणून मी भिंतीकडे अडसर म्हणून कमी आणि साठवण म्हणून जास्त बघतो. तिच्या आतल्या बाजूचा साधारण दहा सेंटीमीटरचा थर रोज उष्णता घेतो आणि सोडतो. तो थर किती मोठा माल ठेवू शकतो हे एका खोलीवर मांडून दाखवतो. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण कळेल.

समजा उन्हाळी खोली ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, साडेचार मीटर उंच. भिंती, जमीन आणि छत मिळून, दारं वजा करून, १३० चौरस मीटर पृष्ठभाग धरू. त्याचा दहा सेंटीमीटर थर म्हणजे १३ घनमीटर माती, वजन २२ टनांच्या आसपास. या मातीचं तापमान एक अंशाने उतरवायचं तर साधारण साडेपाच युनिट उष्णता बाहेर काढावी लागते (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच). आणि खोलीतली सगळी हवा? ती जेमतेम ११५ किलो. मातीला एक अंश उतरवायला जेवढी उष्णता काढावी लागते, ती हवेच्या मानाने सुमारे १७० पट आहे. म्हणून खोलीतली हवा गार केली की खोली गार झाली, हे खरं नाही. हवा चार मिनिटांत बदलते, भिंत नाही.

आता रात्रीचं काम. भिंती दोन अंशांनी उतरवायच्या आहेत, म्हणजे ११ युनिट बाहेर टाकायची. रात्री दहा ते सकाळी सहा असे आठ तास हातात आहेत. बाहेरची हवा भिंतीपेक्षा सरासरी पाच अंश गार आहे आणि खोलीतून जाताना ती तीन अंश गरम होऊन बाहेर पडते, असं धरलं, तर तासाला सुमारे १६०० घनमीटर हवा खोलीतून फिरवावी लागेल. खोलीचं आकारमान १०८ घनमीटर, म्हणजे तासाला पंधरा वेळा पूर्ण हवा बदलायची, तीही रात्रभर, पंख्याशिवाय. नुसत्या खिडक्या उघडून एवढं होत नाही, विशेषतः दाट वस्तीत, जिथे जमिनीजवळ वारा जवळपास मेलेलाच असतो. पण मनोऱ्यातल्या अर्ध्या चौरस मीटरच्या धुराड्यातून मीटरभर प्रतिसेकंद वेगाने हवा गेली की हिशेब जुळतो. बादगीर उंच बांधतात ते याच्यासाठी. छपरांच्या वर गेलं की वारा सापडतो.

ही ११ युनिटं म्हणजे दीड टनाचा एसी साधारण दोन तास पूर्ण दमाने चालवल्याइतकं काम. फार मोठं नाही, पण फुकट, आणि रोज. अशा चार-पाच रात्री लागोपाठ मिळाल्या की भिंती सरासरीच्या खाली तीन-चार अंशांवर जाऊन स्थिरावतात. भिंत सरासरी काढते आणि बादगीर तिला रात्री सरासरीच्या खाली ओढतो, असं हे जोडकाम आहे. तुम्हाला जे गार वाटलं त्यातला मोठा भाग हवेचा नव्हताच. आपलं शरीर बरीच उष्णता किरणांच्या रूपाने आजूबाजूच्या पृष्ठभागांना देत असतं. हवा ३२ अंश आणि चहूबाजूंच्या भिंती २८ असल्या, तर अंगाला साधारण ३० वाटतं. त्या खोलीत परत गेलात तर हात मनोऱ्याखाली धरू नका, भिंतीला लावून बघा.

मनोऱ्याच्या आत काय असतं तेही थोडक्यात सांगतो. 'बाद' म्हणजे वारा आणि 'गीर' म्हणजे धरणारा. पोकळ चौकोनी किंवा अष्टकोनी खांब, वरून बंद, डोक्याजवळ बाजूंना उभ्या फटी. आत कच्च्या विटांचे पातळ उभे पडदे घालून त्याची वेगवेगळी धुराडी केलेली असतात. वाऱ्याच्या तोंडाकडच्या धुराड्यात हवा दाबली जाऊन खाली उतरते. पाठीकडच्या बाजूला हवा विरळ होते, तिथलं धुराडं खोलीतली हवा वर ओढतं. वारा कुठूनही आला तरी एक बाजू आत घेते, दुसरी बाहेर टाकते. म्हणून यझद शहरात चारी बाजूंनी उघडे बादगीर दिसतात. उत्तरेला अर्दकानमध्ये मात्र बरेचसे एकाच बाजूला उघडे आहेत, कारण तिथे कामाचा वारा ठरलेल्या दिशेने येतो आणि पाठीकडून धुळीचं वादळ आत घ्यायचं नसतं. सिंधमधल्या हैदराबादेत तर जवळजवळ प्रत्येक खोलीला नैऋत्येकडे तोंड केलेला छोटा मंघ असायचा. समुद्राकडून येणारा वारा उन्हाळाभर त्याच बाजूने.

वारा पडला तर? तेव्हा मनोरा धुराड्यासारखा वागतो. दिवसभर ऊन खाल्लेल्या त्याच्या विटा रात्री आतली हवा तापवतात, ती वर चढते आणि तिच्या जागी अंगणातली गार हवा खोलीत ओढली जाते. सकाळी उलट, गार झालेला मनोरा आतल्या हवेला जड करून थोडा वेळ खाली सोडतो. हा ओढा वाऱ्याच्या मानाने क्षीण असतो, पण रात्रभर चालतो. यावर इराणी अभियंते मेहदी बहादोरी यांनी १९७८ मध्ये सविस्तर लिहिलं होतं, त्यात दिवस-रात्र, वारा असताना-नसताना अशा चारही अवस्था वेगळ्या करून दाखवल्या होत्या. बादगीर दिवसरात्र एकच काम करतो ही समजूत त्यानंतर तरी जायला हवी होती.

आता दुपारकडे वळू, कारण खरी गडबड इथेच होते. तीच खोली, तोच तासाला १६०० घनमीटरचा झोत, पण बाहेर ४० आणि भिंती ३० वर. रात्रीच्याच प्रमाणात धरलं, तर आता ही हवा खोलीत ताशी पावणेतीन युनिटांच्या आसपास उष्णता ओतायला लागते. रात्रभर घाम गाळून बाहेर टाकलेली ११ युनिटं चारेक तासांत परत आत. म्हणून जुन्या घरांत उन्हाचा कडाका सुरू झाला की मनोऱ्याच्या तळाची झडप किंवा लाकडी दारं लोटून घेतात, नाहीतर झोत थेट पाण्यावर सोडतात. तिसरा मार्ग नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. जैसलमेरजवळ एका पाहुणेघराला आम्ही मनोरा बांधून दिला होता. तळाला सागवानी झडपा, चालवायचं वेळापत्रक लिहून भिंतीवर लावलेलं. पहिल्याच मे महिन्यात मालकांचा फोन: खोल्या संध्याकाळी भट्टीसारख्या होतात, तुमचा मनोरा चालत नाही. जाऊन बघितलं तर मनोरा उत्तम चालत होता. पाहुण्यांना वारा लागावा म्हणून नोकरमंडळी दिवसभर झडपा उघड्या ठेवत आणि रात्री पाली-किडे येतात म्हणून बंद करत. बरोबर उलटं. तीन-चार दिवसांत त्या पिवळ्या दगडाच्या भिंती आतून गरम. चूक माझीही होती. रात्री उघडं ठेवायचं तर जाळी लागणार हे मला आधी सुचायला हवं होतं. जाळी बसवली, वेळ उलटी केली, आठवड्याभरात फरक पडला. (दगडात उष्णता मातीपेक्षा वेगाने पळते, तेव्हा तेवढाच उशीर हवा तर दगडी भिंत जास्त जाड लागते, हेही तिथे ध्यानात आलं.)

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण दुपारची खरी थंडाई तिथे आहे. बादगीरच्या बरोबर खाली उथळ हौद असलेली खोली म्हणजे हौजखाना. यझदच्या दौलताबाद बागेतला अष्टकोनी बादगीर ३३ मीटरहून उंच आहे, अठराव्या शतकातला, आणि त्याच्याही तळाशी संगमरवरी हौद आहे. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतली जवळपास पाऊण युनिट उष्णता घेतं, नेमकं सांगायचं तर ०.६७. म्हणजे मघाची ११ युनिटं सोळा-सतरा लिटर पाण्यात भागतात, फार तर दीड हंडा. पण हे पाणी हवेत जायला हवा कोरडी लागते. ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २० च्या आसपास दाखवतो. हीच कमाल मर्यादा. हवेला तिथपर्यंत उतरायला जागा आहे, ती प्रत्यक्षात त्यातली थोडीच कापते, कारण संथ हौदाच्या नुसत्या पृष्ठभागावरून वाफ मर्यादितच होते. कारंजं असेल, किंवा पाणी उतरत्या दगडावरून पातळ वाहत असेल, तर जास्त.

नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात कूलर जीव वाचवतो आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो. मुंबईची ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची हवा घेतली, तर तो ओला थर्मामीटर २९ वर अडकतो. पाणी काहीच करू शकत नाही. इराणच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि दुबईच्या जुन्या बस्तकिया मोहल्ल्यातही मनोरे आहेत, इराणमधल्या बस्तकच्या व्यापाऱ्यांनी नेलेले, पण तिथे हवा दमट आणि रात्री फारशा गार नाहीत. तिथल्या मनोऱ्याचं काम वेगळं, तो नुसता अंगावर वारा घालतो, घाम वाळवतो. बुटका, रुंद, खोलीतल्या बसण्याच्या जागेवरच उघडणारा. दिसायला यझदच्या मनोऱ्याचा भाऊ, पण धंदा दुसरा.

यझदच्या घरात आणखी दोन गोष्टी मनोऱ्याच्या मदतीला असतात. एक सरदाब, म्हणजे तळघर. काही मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभराच्या सरासरीवर स्थिर असतं, यझदला ते २० च्या जवळपास. भर दुपारी घरची माणसं तिथे उतरत, आणि काही घरांत बादगीरचं एक धुराडं तिथवर नेलेलं असे. दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द माणसांची हालचाल. अंगणाच्या दक्षिणेकडचं दालन उत्तरेकडे तोंड करून, ते उन्हाळ्याचं, बादगीर तिथेच. उत्तरेकडचं दालन दक्षिणेचं ऊन घेणारं, ते हिवाळ्याचं. ऋतू बदलला की बिऱ्हाड अंगण ओलांडून पलीकडे. आणि उन्हाळ्यातल्या एकाच दिवसात सकाळ अंगणात, दुपार तळघरात किंवा हौजखान्यात, रात्र गच्चीवर. म्हणून 'ते घर किती गार राहायचं' या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. घरातला एखादा कोपरा त्या तासाला गार असायचा, आणि माणसं त्या कोपऱ्यात असायची. आपण सगळ्या खोल्या चोवीस तास सारख्याच गार मागतो, तिथे ही व्यवस्था हरते.

बिघाड कुठे होतात तेही सांगतो, कारण आज यझदमध्येही बरेच बादगीर शोभेचे उरलेत. शेजारी तीन-चार मजली इमारत उठली की वारा तुटतो. आतला एखादा पडदा पडला की वाऱ्याकडून शिरलेली हवा खाली न जाता वरच्या वरच पलीकडून निसटते. हे खालून दिसत नाही. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे तळाशी उदबत्ती धरायची: वारा आहे, मनोऱ्याच्या डोक्यावर तो जाणवतोय, आणि तरी कोणत्याच धुराड्याखाली धूर खाली ढकलला जात नाही की वर ओढला जात नाही, तर पडदे फुटलेत किंवा पारव्यांनी घरटी केलीत. मनोऱ्यातून बाहेर डोकावणारी लाकडं तुम्ही पाहिली असतील. ती विटांना बांधून ठेवतात आणि दुरुस्तीला चढायला परांचीचं काम देतात, नक्षी नव्हे.

सगळ्यात वाईट दुरुस्ती म्हणजे सिमेंट. तिकडे भिंतीला माती आणि गव्हाचा भुसा यांचा लेप देतात, त्याला काहगिल म्हणतात. काह म्हणजे भुसा, गिल म्हणजे माती. आपला 'गिलावा' याच 'गिल'चा. हा लेप दर काही वर्षांनी नव्याने द्यावा लागतो, म्हणून लोक कंटाळून सिमेंट मारतात. मग जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही, क्षार विटेत साचतात आणि दोन-पाच वर्षांत आतली वीट पिठासारखी होते. पायथ्याशी टिचकी मारली आणि पोकळ आवाज आला, तर गिलावा सुटलाय, भिंत आत खचतेय.

आता सोलापूर. तुमच्याकडे मे महिन्यात दिवस-रात्रीत चौदा-पंधरा अंशांचा फरक पडतो, हवा कोरडी, तेव्हा मार्च ते मे हे गणित यझदच्या जवळ जातं. पण जूननंतर रात्रीची हवा दमट, फरक कमी, आणि पाऊस आडवा येतो. वाळवंटातल्या मनोऱ्याच्या उघड्या फटींतून तो थेट आत येईल. म्हणजे अडीच-तीन महिन्यांच्या उपयोगासाठी झडपा, पागोळी आणि जाळी असलेला महागडा मनोरा. माळावर एकटं घर असेल तर चहूबाजूंनी वारा मोकळाच आहे, दाट वस्तीत मनोरा जे देतो ते तुम्हाला समोरासमोरच्या उंच खिडक्या आणि जिन्याच्या डोक्यावर झाकणाची झडप देऊ शकते. मी तुमच्या जागी असतो तर पैसा आधी भिंतीत आणि छतात घातला असता. पांढऱ्या मातीच्या भिंती आणि माळवदाचं छत हे तुमच्याच भागातलं आहे, धाब्याच्या घरात राहिलेलं एखादं म्हातारं माणूस तुमच्या घरात असेलच. नव्या घरात आरसीसीचा स्लॅब टाकणार असाल तर मात्र सावध. उघडा पाच इंची स्लॅब उन्हाची लाट दुपारी घेऊन संध्याकाळीच खोलीत सोडतो, बरोबर तुम्ही आत येता तेव्हा. त्यावर वरून उष्णतारोधक थर आणि पांढरा लेप दिल्याशिवाय मनोऱ्याचा विचारही करू नका.

खर्च करण्याआधी एक काम करा. दोन किमान-कमाल थर्मामीटर आणा, एक बाहेर सावलीत, एक तिथे जवळच्या एखाद्या जुन्या जाड भिंतींच्या घरात. एप्रिलच्या शेवटचा एक आठवडा ते घर चोवीस तास बंद ठेवून नोंद घ्या. पुढचा आठवडा रात्री दहाला सगळं उघडा, सकाळी सातला सगळं बंद करा. आतलं कमाल तापमान दुसऱ्या आठवड्यात दोन अंशांनी उतरलं, तर तुमच्या जागेची रात्र कामाची आहे. नाही उतरलं, तर आधी बघा रात्री खोलीत हवा खरंच फिरते का. उदबत्तीचा धूर सरळ वर जात असेल तर उघडण्याच्या जागा चुकल्यात, आणि मग एखादं उंच धुराडं बांधायचा विचार करता येईल. नोंदी इथे टाका, बाहेरचं किमान तापमान विसरू नका. त्याशिवाय मला काहीच सांगता येणार नाही.